धातूंच्या पायऱ्या आणि बारा ओळींचे पद्य

दहावीच्या वर्गातील एखाद्या चुणचुणीत मुलास ‘धातूंची क्रियाशीलता श्रेणी म्हण पाहू’ असे सांगितले, तर बहुधा तो डोळे मिटून एक इंग्रजी वाक्य पुटपुटू लागतो. त्या वाक्यातील प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर म्हणजे एकेक धातू, अशी ती युक्ती आहे. मुलगा पुटपुटत पुढे जातो आणि ‘सी’ या अक्षरापाशी अडखळतो. कारण कॅल्शियमचाही आरंभ त्याच अक्षराने, कार्बनचाही त्याच अक्षराने आणि तांब्याच्या इंग्रजी नावाचाही त्याच अक्षराने. यांपैकी एक श्रेणीच्या माथ्याशी आहे, एक मधोमध आहे आणि एक पायथ्याकडे. अक्षर ध्यानात राहिले, धातू मात्र निसटला! शिवाय ते वाक्य पाठ असूनही लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाकल्यास काय होईल, या साध्या प्रश्नास उत्तर येत नाही. कारण त्या वाक्यात क्रम आहे, परंतु त्या क्रमाचा अर्थ नाही.

पाठांतराची सूत्रे आपणांस नवी नाहीत. वृत्तांचे गण शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र ज्यांनी म्हटले आहे, त्यांस त्यातील खुबी ठाऊक असेल. मगण म्हणजे काय, हे पाहावयाचे असल्यास ‘मा’पासून सलग तीन अक्षरे घ्यावीत. मा, ता, रा ही तिन्ही गुरू, म्हणून मगण तीन गुरूंचा. येथे अक्षराची जागा हाच त्याचा अर्थ आहे. धातूंच्या श्रेणीसही असेच सूत्र हवे, कारण तेथेही जागा हाच सर्व अर्थ आहे. वरच्या पायरीवरचा धातू खालच्या पायरीवरच्या धातूस त्याच्या क्षारातून हुसकून लावतो आणि त्याची जागा स्वतः घेतो. खालचा वरच्यास हुसकू शकत नाही. श्रेणी म्हणजे एवढीच गोष्ट होय.

हे ध्यानी ठेवून आम्ही अष्टाक्षरीत बारा ओळी जुळविल्या आहेत. काव्य म्हणून त्यांची मातब्बरी नाही. घरातल्या मुलांनी त्या तालावर म्हणाव्यात एवढाच हेतू आहे.

पोटॅश सोडा नि चुना,
मॅग्नेशिया नि तुरटी;
पाचांचा ठाव लागेना,
कोळशाने न हो भेटी.

कोळसा वेशीचा धनी,
जस्त लोह मागे येती;
कथिल शिसे धरूनी
चौघे भट्टीत सुटती.

हायड्रोजन तो दुजा,
तांबे पारा चांदी सोने;
आम्लाची न यांना सजा,
राहती मूळ रूपाने.

पहिल्या कडव्यात धातूंची नावे नाहीत, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पोटॅश म्हणजे पोटॅशियम, सोडा म्हणजे सोडियम, चुना म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशिया म्हणजे मॅग्नेशियम आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम. ही टोपणनावे केवळ मात्रा भरण्यासाठी घेतलेली नाहीत. हे पाच धातू इतके उतावळे आहेत, की सृष्टीत ते एकटे कधीच सापडत नाहीत. कोणत्या ना कोणत्या संयुगात ते गुंतलेले असतात. चुन्याची डबी घराघरांत असे, पण तीत कॅल्शियम धातू आहे हे डोळ्यांना कधी दिसले नाही. तुरटी पाण्यात फिरवली गेली, पण तीतले ॲल्युमिनियम कोणी पाहिले नाही. याच्या उलट शेवटच्या कडव्यातील चौघे आपल्या खऱ्या नावाने येतात, कारण ते आपल्या मूळ रूपात आढळू शकतात. सोने तर बहुधा तसेच सापडते. तांबे व पारा खनिजातून काढावे लागतात, तरी त्यांचेही मोकळे तुकडे वा थेंब निसर्गात मिळतात. म्हणजे कोणता धातू टोपणनावाने आला आणि कोणता उघड नावाने, यावरूनही त्याची जागा सांगता येते.

आता या पद्यातील दोन वेशींकडे वळू. कोळसा आणि हायड्रोजन हे दोघे धातू नव्हेत. पण त्यांना श्रेणीत बसविल्यावाचून श्रेणी उपयोगी पडत नाही.

पहिली वेस कोळशाची. भट्टीत धातूच्या खनिजाबरोबर कोळसा तापविला, की तो खनिजातील प्राणवायू ओढून घेतो आणि धातू मोकळा होतो. लोखंड आजही मुख्यतः याच रीतीने तयार होते. कोळशाचे हे सामर्थ्य त्याच्या खालच्या पायऱ्यांवर चालते, वरच्या पाचांवर भट्टीच्या नेहमीच्या उष्णतेत चालत नाही. म्हणूनच सोने, चांदी, तांबे, शिसे, कथिल आणि लोखंड यांची ओळख माणसास प्राचीन काळीच झाली. परंतु पोटॅशियम आणि सोडियम हे धातू प्रथम दिसले ते 1807 साली, हंफ्रे डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने विजेचा प्रवाह वापरला तेव्हा. ॲल्युमिनियम थोड्या प्रमाणात 1825 साली मिळाले होते. पण ते स्वस्त होऊन स्वयंपाकघरात येण्यास 1886 साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांस न कळता, ते विजेने काढण्याची रीत शोधली.

वेशीला अगदी लागून असलेल्या जस्ताची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. ते कोळशाच्या खाली आहे खरे, पण जेमतेम. त्याच्या खनिजातून प्राणवायू काढण्यास इतकी उष्णता लागते, की तेवढ्या तापमानास जस्त स्वतःच वाफ होऊन जाते. 907 अंश सेल्सिअसला ते उकळू लागते. ती वाफ हवेत गेली, की पुन्हा जळून तिची पांढरी भुकटी होते आणि कारागिराच्या हाती काहीच लागत नाही. राजस्थानात उदेपूरजवळ जावर येथील कारागिरांनी मध्ययुगात ही अडचण सोडविली. मातीच्या बंद मुशीचे तोंड खाली ठेवून, वाफ हवेशी न भेटता खालच्या थंड भांड्यात उतरेल अशी योजना त्यांनी केली. म्हणजे पायरी नुसती कोणती हे पाहून भागत नाही. वेशीपासून ती किती दूर, हेही पाहावे लागते.

दुसरी वेस हायड्रोजनची. कोणत्याही आम्लात हायड्रोजन असतो. हायड्रोजनच्या वर बसलेला धातू आम्लातून त्यास हुसकतो. बुडबुडे येतात आणि धातू विरघळू लागतो. खालचा धातू त्यास हुसकू शकत नाही. जस्ती बादलीत आंबट ताक वा लोणचे ठेवू नये, याचे कारण याच वेशीत आहे. जस्त हायड्रोजनच्या पुष्कळ वर असल्यामुळे आंबट पदार्थ त्यास खातो आणि विरघळलेले जस्त अन्नात उतरते.

पद्य पाठ झाल्यावर त्याची परीक्षा घरीच पाहता येते. काचेच्या पेल्यात 100 मिलिलिटर पाणी घेऊन त्यात 5 ग्रॅम मोरचूद विरघळवावा. सुंदर निळे पाणी तयार होते. मोरचूद विषारी आहे, म्हणून पेला स्वयंपाकाचा नसावा, मोठे माणूस जवळ असावे आणि हात मागाहून धुवावेत. धातूचे भांडे तर मुळीच घेऊ नये; ते स्वतःच या खेळात भाग घेईल. आता एक लोखंडी खिळा पॉलिश कागदाने चकचकीत घासून त्यात अर्धा बुडवावा. पाव तासाच्या आत बुडालेल्या भागावर तांबूस थर दिसू लागतो. पद्यात लोह तांब्याच्या आधी आले आहे; म्हणून लोखंड पाण्यात उतरले आणि तांबे बाहेर पडले.

या अदलाबदलीचा हिशेबही करता येतो. 5 ग्रॅम मोरचुदात सुमारे 1.27 ग्रॅम तांबे असते. ते सगळे बाहेर यावयाचे, तर सुमारे 1.12 ग्रॅम लोखंड आत गेले पाहिजे, कारण लोखंडाचा अणू तांब्याच्या अणूहून थोडा हलका आहे. म्हणजे तांब्याचा सर्व थर खिळ्यावर टिकून राहिला, तर खिळा झिजूनही पूर्वीपेक्षा किंचित जड भरेल! प्रत्यक्षात थर भुसभुशीत असतो आणि त्यातला काही तळाशी गळतो. शिवाय थर जाड झाला, की आतल्या लोखंडास निळे पाणी भिडत नाही व वेग मंदावतो. पेला झाकून एक-दोन दिवस ठेवल्यास निळा रंग फिका होऊन हिरवट छटा येते. ही छटा म्हणजे लोखंडाचा क्षार, अर्थात आपल्या ओळखीचा हिराकस.

आता उलट करून पाहावे. हिराकसाच्या ताज्या पाण्यात तांब्याची स्वच्छ तार टाकावी. तासभर थांबा, दिवसभर थांबा, तारेवर लोखंड काही जमत नाही. पाणी हवेने हळूहळू पिवळसर होईल, पण तो हवेचा प्रताप. खालचा वरच्यास हुसकत नाही, हे येथे डोळ्यांनी दिसते.

या प्रयोगात दोन ठिकाणी फसगत होते. खिळ्यास तेल वा गंज असेल, तर थर ठिकठिकाणी धरतो आणि काहीच घडले नाही असे वाटते. म्हणून घासणे आवश्यक. दुसरी फसगत अधिक लबाड आहे. बाजारातले पुष्कळ खिळे जस्ताचा मुलामा दिलेले असतात. असा खिळा टाकला तरी तांबे बाहेर पडते, किंबहुना अधिक झपाट्याने पडते. पण ते काम जस्ताने केलेले असते. ते ओळखावे कसे? मुलामा दिलेला खिळा करडा व फिकट चमकेचा दिसतो. असे बरेच खिळे टाकून निळा रंग जाऊ दिला, तर पाण्यास हिरवट छटा न येता ते जवळजवळ रंगहीन होते, कारण जस्ताच्या क्षारास रंग नाही.

जस्ताचा मुलामा हा शब्द आला आहे, तेव्हा पद्याचा घरातला एक खरा उपयोग सांगतो. लोखंडी पत्र्यास गंजापासून वाचविण्याचे दोन मार्ग आहेत. एकावर जस्ताचा थर, दुसऱ्यावर कथिलाचा. दोन्ही थर अखंड असेपर्यंत दोन्ही पत्रे सारखेच सुरक्षित. पण ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, की दोघांचे नशीब वेगळे होते. पद्यात क्रम असा: जस्त, लोह, कथिल. जस्त लोखंडाच्या वर, म्हणून दमट हवेत आधी जस्त झिजते आणि ओरखड्यातले लोखंड बराच काळ वाचते. कथिल लोखंडाच्या खाली. तेथे ओरखडा पडताच लोखंड स्वतःच पुढे होऊन झिजते, आणि कथिलाचा शेजार त्यास मदत न करता उलट गंजण्याची घाई करतो. म्हणून उघड्यावर पावसात राहणाऱ्या छपरास जस्ती पत्रा वापरतात, कथिलाचा वापरीत नाहीत.

येथवर पद्याने साथ दिली. परंतु जे पद्य कोठे लागू पडत नाही हे सांगत नाही, ते अर्धेच शिकविते. आमच्या पद्यास तीन ठिकाणी विचारून पुढे जावे लागते.

पहिला आक्षेप घरातील आजीच घेईल. ती म्हणेल, “तांब्याला आम्लाची सजा नाही म्हणता, मग बिनकल्हईच्या भांड्यातले ताक कळकते कसे?” आक्षेप अगदी बरोबर आहे. तांबे आम्लातून हायड्रोजन हुसकत नाही, हे खरेच. ताकाच्या भांड्यात बुडबुडेही येत नाहीत. तेथे काम करतो तो हवेतील प्राणवायू. तो तांब्याशी मिळतो आणि झालेले संयुग ताकातील आम्ल सहज विरघळविते. म्हणून हिरवी रेघ बहुधा काठाशी, जेथे ताक, तांबे आणि हवा तिघे भेटतात तेथे प्रथम दिसते. सोनाराच्या तेजाबाचेही असेच. सोन्याची परीक्षा घेताना त्यात तांबे व चांदी विरघळतात, पण त्या आम्लाच्या पोटातच प्राणवायूचा साठा असल्यामुळे. हायड्रोजनच्या बळावर नव्हे. पद्यातील ‘आम्ल’ म्हणजे मिठाचे वा गंधकाचे पातळ आम्ल, आणि तेही हवेविना, असे समजावे.

दुसरा आक्षेप ॲल्युमिनियमचा. तुरटी तर जस्ताच्याही वर. मग ॲल्युमिनियमची पातेली वर्षानुवर्षे पाणी उकळूनही कशी टिकतात? ॲल्युमिनियमची तार मोरचुदाच्या पाण्यात टाकली, तर बराच वेळ काही घडत नाही. मूल म्हणेल, पद्य खोटे! पण त्याच पेल्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा. थोड्याच वेळात तारेवर तांबूस गाळ जमू लागतो, बुडबुडे येतात आणि पेला हातास गरम लागतो. याचे कारण असे, की ॲल्युमिनियम हवेत येताक्षणी त्यावर स्वतःच्याच संयुगाचे एक अतिशय पातळ, घट्ट कवच चढते. कवच असेपर्यंत आतला उतावळा धातू बंदिस्त असतो. मिठातील क्लोरीनचा अंश ते कवच ठिकठिकाणी फोडतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यात खारट वा आंबट पदार्थ रात्रभर ठेवल्यास बारीक खड्डे पडतात, तेही यामुळेच. श्रेणीतील जागा धातूची आहे, कवचाची नव्हे.

तिसरा आक्षेप शेजाऱ्यांविषयी आहे. पद्य क्रम सांगते, अंतर सांगत नाही. धातूंची ओढ विजेच्या दाबाने मोजता येते. जस्त आणि तांबे यांच्यातील अंतर 1.10 व्होल्ट भरते, एवढे की त्यावर विजेचा घट चालतो. कथिल आणि शिसे यांच्यातील अंतर मात्र एका व्होल्टच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढे आहे. असे सख्खे शेजारी परिस्थितीप्रमाणे जागा बदलू शकतात. माथ्याशीही तसेच आहे. पाण्यात टाकल्यावर कोण अधिक खवळतो हे पाहिले, तर सोडियम कॅल्शियमच्या वर बसतो. विजेच्या मापाने पाहिले, तर कॅल्शियम थोडा वर जातो. शाळेच्या पुस्तकांतील क्रम पहिल्या कसोटीचा आहे आणि आमचे पद्यही त्यासच धरून आहे. शिवाय पहिल्या तिघांस मोरचुदाच्या पाण्यात टाकून तांबे मिळत नाही. ते आधी पाण्यावरच तुटून पडतात. तो प्रयोग घरी करण्याचा नव्हेच.

पाठांतराविषयी एकच सूचना करतो. मुलांकडून पद्य सरळ म्हणवून घेतल्यावर मधूनच दोन नावे विचारावीत: कथिल आणि पारा, कोण वर? मग दोघांमध्ये कोणती वेस आहे? चांदीच्या क्षाराच्या पाण्यात तांब्याची तार टाकली तर काय होईल? उत्तर देताना मूल प्रथम संपूर्ण पद्य मनात म्हणेल, काही दिवसांनी केवळ ते कडवे म्हणेल, आणि पुढे पुढे पद्य न म्हणताच सांगेल, की तारेवर चांदी चढेल आणि पाणी निळे होईल. त्या दिवशी पद्याचे काम संपले असे समजावे. मग ते विसरले तरी चालेल.